घागरीपाशी निवेदन नाही

गुरुपादप्पा गुरुजी गेले आणि त्यांच्या मागे चार खोल्यांचं संग्रहालय, अव्वा आणि एक पीपीटी उरली. संग्रहालय ट्रस्टचंच होतं, अव्वा, त्यांची बायको, औशातच राहिली, आणि पीपीटी तेवढी लेकीच्या, शिवकन्येच्या वाट्याला आली.

तीही मागून घेतलेली. शिवकन्या नांदेडला कॉलेजात मराठी शिकवायची आणि कितीतरी वर्षं रेडिओवर हंगामी निवेदिका म्हणून संध्याकाळची पाळी करायची. लातूरला, बंद पडलेल्या तेलगिरणीच्या खोल्यांत, अप्पांनी बहात्तरचा दुष्काळ आणि ब्याऐंशीचा नवा जिल्हा मांडायला घेतला तेव्हापासून ते तिला बोलावत होते. "एकदा ये की. माझ्यासंगं फिर. उभ्या उभ्या होतं." आणि ती म्हणायची, "येते अप्पा, परीक्षा होऊ द्या. तोवर पीपीटी पाठवा, मी बघते." त्यांनी बिचाऱ्यांनी पाठवली. तिने ती दोन तासांच्या मध्ये, स्टाफरूममध्ये, डबा खाता खाता पाहिली. अक्षरं पडद्यावर उडत उडत यायची, म्हाताऱ्या माणसाला नवीन खेळणं मिळाल्यासारखी. तिने उत्तर पाठवलं, "छान आहे, शुद्धलेखन दोन ठिकाणी पाहा." परीक्षा होत राहिल्या. मार्गशीर्षात अप्पा गेले.

उन्हाळ्यात बसवंतअण्णांचा फोन आला. बसवंतअण्णा अप्पांचे जुने विद्यार्थी, खताचं दुकान चालवायचे आणि ट्रस्टचे चिटणीस होते.

"ताई, सर गेल्यापासून लोक येतात आन भिंती बघून जातात. सांगायला कोणी न्हाई. ट्रस्टनं कानात ऐकायची यंत्रं घ्यायचं ठरवलंय. गळ्यात अडकवायचं, खोलीत पाटीवर आकडा असतो, तो दाबायचा, की बोलतं. सरांची पीपीटी हाय तुमच्याकडं. त्याच्यावरून लिहून, तुमच्याच आवाजात करून द्या. जिल्ह्याच्या वाढदिवसाला, ऑगस्टात, उद्घाटन करू."

"मी करते," शिवकन्या म्हणाली. क्षणाचाही विचार न करता म्हणाली. अप्पांसाठी करण्यासारखं एवढंच राहिलं होतं, आणि ते तिला येत होतं. निदान तसं तिला वाटलं.

कामाला बसल्यावर कळलं की पीपीटी ही बसलेल्या माणसासाठी असते. तो समोर बघतो, सगळ्यांना एकच चित्र दिसतं, बोलणारा काठीने दाखवतो. चालणाऱ्या माणसाला 'वरील आलेखात' म्हणून भागत नाही, त्याच्या वर छत असतं. 'उजवीकडे' म्हणायचीही सोय नाही, कारण खोलीला दोन दारं आणि कोण कुठून शिरेल याचा नेम नाही. तिने बसवंतअण्णांकडून खोल्यांचे फोटो मागवले आणि 'उजवीकडे' खोडून 'खिडकीच्या बाजूला' केलं. एका आकड्याला एकच वस्तू. आधी कुठे उभं राहायचं ते सांगायचं, मग काय बघायचं ते, आणि शेवटी कुठल्या दाराने पुढे जायचं ते. भिंतीवर जे छापलंय ते पुन्हा वाचायचं नाही, ते त्याला दिसतंय. मोठे आकडे कानात राहत नाहीत, म्हणून 'अमुक इतके क्विंटल' न म्हणता 'घरटी दोन दिवस पुरेल एवढं' म्हणायचं. वाक्य असं, की चालता चालता त्याचं शेपूट हातातून सुटू नये.

अप्पांनी प्रत्येक स्लाइडच्या खाली, पडद्यावर न दिसणाऱ्या जागेत, टिपणं लिहिली होती. तीच तिचा खरा आधार होती. पहिल्या खोलीत आटलेल्या विहिरींचे फोटो, तिथे अप्पांनी गावागावांची नावं दिली होती. दुसऱ्या खोलीत खडी फोडायच्या हातोड्या, दुष्काळी कामावर वाटायच्या सुकडीचा डबा, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी मूठभर. त्याखाली टीप होती: 'मिलोच्या भाकरीला चव नव्हती असं सगळे सांगतात. पण कोणी टाकली असं कोणी सांगत नाही.' हे वाक्य तिने एक अक्षर न बदलता उचललं. चौथ्या खोलीत उस्मानाबादेतून वेगळा झालेला नवा जिल्हा: गुलालात माखलेल्या माणसांचे फोटो आणि कुठल्याशा कचेरीची लाकडी पाटी. तिच्यावरचं 'उस्मानाबाद' पुसून 'लातूर' रंगवलेलं, आणि ऊन तिरपं आलं की जुनी अक्षरं अजून दिसायची. त्याचीही टीप होती, चांगली ऐसपैस.

तिसऱ्या खोलीत एकच वस्तू होती. पितळी घागर, पाण्याने भरलेली, ओट्यावर ठेवलेली. स्लाइडवर तिचा फोटो आणि खाली एक ओळ: 'ही घागर उचलून पाहा.' टिपणांची जागा कोरी होती.

शिवकन्या त्या कोऱ्या जागेपाशी बराच वेळ बसली. तिच्या मनाने घेतलं, अप्पांचं हे राहून गेलं. शेवटी शेवटी हात थरथरायचे, टंकायला जड जायचं, इथवर आले आणि दुखणं लागलं. तिला इतकं भरून आलं की ती उठून बाल्कनीत गेली. मग परत येऊन, अप्पांनी जे लिहिलं असतं ते तिने लिहिलं. बायका पाण्याला पहाटे कशा निघायच्या, विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी कसं भरायच्या, रिकामी घागर वाजते आणि भरलेली मुकी होते, हे सगळं. ते तिचं सगळ्यात सुंदर लिखाण झालं होतं, आणि ते तिला कळत होतं.

रेकॉर्डिंगला नांदेडच्या स्टुडिओत व्यंकटी होता, तिच्या रेडिओच्या दिवसांपासूनचा. तिने 'ही घागर उचलून पाहा' म्हटलं, एक श्वास घेतला आणि पुढचं वाचायला लागली. तो श्वासही व्यंकटीला खटकला.

"म्याडम, तिथं गॅप कशाला? लोक म्हणतील मशीन बंद पडली."

"काप," ती म्हणाली. रेडिओवरच्या माणसाला शांततेची भीतीच असते. दोन क्षण आवाज नाही म्हणजे कुणाची तरी नोकरी धोक्यात.

"आन घागरीच्या मागं बासरी टाकू का? लई जमून येईल."

"बासरी नको."

"मग संतूर?"

"व्यंकटी, अरे दुष्काळ आहे तो."

"म्हणूनच म्हणलं," व्यंकटी म्हणाला. "जरा गारवा."

ट्रस्टच्या अध्यक्षांना घागरीचा भाग फार आवडला. त्यांनी तो आपल्या सुनेला, मुंबईच्या पाहुण्यांना, बँकेच्या मॅनेजरला ऐकवला. बसवंतअण्णांनी फोनवर सांगितलं, "ताई, सरच बोलून राहिले असं वाटलं बघा." त्या रात्री शिवकन्येला बऱ्याच महिन्यांनी गाढ झोप लागली.

उद्घाटनाच्या आठवड्यात ती लातूरला आली. यंदाही पावसाने पाठ फिरवली होती. अहमदपूरच्या पुढे रस्त्याकडेचं सोयाबीन वीतभरावर थांबून पिवळं पडलं होतं, आणि लातुरात गल्लोगल्ली टँकर लागले होते. यंत्रांची चाचणी म्हणून बसवंतअण्णांनी अहमदपूरहून बचतगटाच्या बायका बोलावल्या होत्या. त्यांच्या गळ्यात एकेक यंत्र अडकवलं, आकडा कसा दाबायचा ते दाखवलं, आणि शिवकन्या त्यांच्या मागोमाग निघाली. अप्पांच्या त्या खोल्यांत ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

पहिली खोली चांगली गेली. दुसऱ्या खोलीत बायका हातोड्यांपाशी थबकल्या, खिडकीकडे बरोबर वळल्या, मिलोच्या वाक्यावर एकदोघींनी माना हलवल्या. शिवकन्येला वाटलं, जमलं. मग त्या तिसऱ्या खोलीत शिरल्या, घागरीभोवती गोल करून उभ्या राहिल्या आणि आकडा दाबला.

आणि नुसत्या उभ्या राहिल्या. एकीने हात पुढे केला, मग मागे घेतला. बाकीच्या छताकडे, एकमेकींच्या खांद्याकडे बघत होत्या, ऐकणारं माणूस बघतं तसं, कुठेच नाही. विहिरीचा तळ, वाटी, मुकी घागर, सगळं त्यांच्या कानात चाललं असणार. मग एकदम सगळ्या वळल्या आणि चौथ्या खोलीच्या दाराने निघून गेल्या. त्यांना तसं सांगितलं होतं. घागरीला कुणाचं बोटही लागलं नाही.

बाहेर चहा आला. "कसं वाटलं?" शिवकन्येने विचारलं.

"आवाज लई ग्वाड हाय तुमचा," एक म्हणाली. "रेडिओच ऐकून राहिलो असं वाटलं."

"घागर का नाही उचलली तुम्ही?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यातली नागुबाई, गटाची अध्यक्ष, जरा वयाने मोठी, ती हसली. "उचलावं म्हणून हात केला मी. तं तुम्ही लगीच पुढं बोलाय लागल्या. मानूस इतकं जीव लावून सांगून राहिलं आन आपण मधीच घागरी उचलत बसायचं? बरं दिसतं का ते?"

"पण ते यंत्र आहे, मावशी."

"यंत्र असंल. बोलत तं तुम्हीच हाव ना!"

दुसरी पदराआडून म्हणाली, "आन घरी जाऊन उचलायचीच हाय की. टँकर आला असंल तं." त्यावर सगळ्या हसल्या, नागुबाईही.

शिवकन्या हसली नाही. बायका गेल्यावर तिने बसवंतअण्णांना विचारलं, "अप्पा त्या खोलीत काय सांगायचे?"

"सर?" अण्णांनी कप खाली ठेवला. "तिथं कुठं काय सांगायचे. 'उचलून बघा' म्हणायचे आन गप उभं राहायचे, भिंतीला टेकून."

"काहीच नाही?"

"काहीच न्हाई."

"मला सांगितलं का नाही तुम्ही? मी पाठवलं तेव्हा?"

अण्णांचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुम्हाला सरांनीच सांगितलं असंल काहीतरी. तुम्ही लेक. आन लिहिलं बी इतकं भारी होतं, ताई. मी आपला खतवाला. मी काय म्हणणार?"

ती कोरी जागा राहून गेलेली नव्हती. ती तशीच ठेवलेली होती. शिवकन्येने लॅपटॉप उघडून पुन्हा पाहिलं. घागरीच्या पुढच्या, चौथ्या खोलीच्या सगळ्या स्लाइडखाली टिपणं होती, भरभरून. दुखणं घागरीपाशी लागलं असतं तर पुढची टिपणं आली कुठून? हे तर तिला नांदेडलाच दिसायला हवं होतं. मुलांना ती एरवी हेच शिकवायची, की न लिहिलेलंही वाचा.

त्याच दुपारी ती औशाला गेली. अव्वा, रत्नम्मा, ओसरीवर तांदूळ निवडत होती. अप्पा वारल्यापासून ती संग्रहालयाकडे फिरकली नव्हती. त्याआधी मात्र रोज सकाळी अप्पांबरोबर एसटीने लातूरला जायची, कारण घागर विसळून भरण्याचं काम तिचं होतं. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही असं तिचं म्हणणं.

"अव्वा, लोकांनी घागर खाली ठेवली की अप्पा काय बोलायचे?"

"मला काय ठाव? मी दाराशी बसायची, पायरीवर. आत बोललेलं नीट ऐकू येई न्हाई. ते गप झाले की समजायचं, कुणीतरी उचलली."

"मग? नंतर?"

अव्वाने सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "नंतर बोलायचे की. पर ज्याला त्याला येगळं. एकदा एक म्हातारी आली धर्माबादकडची, तिनं उचलली आन तिला रडूच फुटलं. तिला काहीच न्हाई बोलले, पाणी दिलं. कॉलेजची पोरं यायची, एका हातानं उचलायची, दात काढायची. त्यांच्यासंगं बी दात काढायचे. मग म्हणायचे, आता हीच घेऊन गिरणीला चक्कर मारून या. एक चक्कर मारली की पोरं गप." तिने आणखी एक खडा काढला. "किती वेळ गप बसायचे म्हणशील तर ते बी येगळंच. तोंडाकडं बघत राहायचे मानसाच्या."

"म्हणजे ते लिहिण्यासारखं नव्हतंच."

"लिहिलं न्हाई का त्यानी?"

"नाही."

"मग नसंलच," अव्वा म्हणाली आणि सूप हलवायला लागली.

त्या संध्याकाळी शिवकन्येने व्यंकटीला फोन केला. आधी तिला वाटलं होतं, 'उचलून पाहा'नंतर शांतता घालावी, मग आपलं लिखाण चालू ठेवावं. पण किती शांतता? नागुबाईला लागेल तेवढी की कॉलेजच्या पोरांना? यंत्राला तोंड दिसत नाही. ध्वनिफितीतली शांतता ठरावीक असते. ती संपते, मग समोरच्याचं झालेलं असो वा नसो. उपाय एकच होता, की तो आकडा तिथेच संपवायचा. पुढचा आकडा ज्याने त्याने, आपलं झालं की, स्वतः दाबायचा. आणि तो पुढचा आकडा थेट चौथ्या खोलीचा.

"म्हणजे घागरीचं सगळं काढून टाकू?" व्यंकटीचा आवाज चढला. "म्याडम, तेच तर बेस्ट हाय! तुमचं आजवरचं बेस्ट हाय ते."

"माहीत आहे. काढ."

"येगळी फाइल ठेवू का? पुढंमागं?"

ती जरा घुटमळली. "नको. पुसूनच टाक."

बसवंतअण्णा घाबरले. अध्यक्षांना काय सांगायचं? लोक यंत्र आपटतील, चार्जिंग संपलं म्हणतील. ते रास्तच होतं, म्हणून तिने लातुरातच, अण्णांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खताच्या पोत्यांमध्ये बसून, मोबाइलवर एक लहानसा तुकडा बोलून पाठवला: 'ओट्याजवळ या. ही घागर भरलेली आहे. यंत्र गळ्यात सोडा, दोन्ही हात मोकळे करा आणि ही घागर उचलून पाहा. मी आता बोलणार नाही. तुमचं झालं की चौथ्या खोलीत जा आणि दारावरचा आकडा दाबा.' पोत्यांमुळे आवाज घुमला नाही. व्यंकटीने कळवलं, स्टुडिओपेक्षा बरा आलाय.

उद्घाटनाला अव्वा आली. यंत्र गळ्यात घालू देईना. "पोरीचा आवाज डबीत कशाला ऐकू, पोरगी समोर हाय की." मग बसवंतअण्णांनी फारच गळ घातली तेव्हा घातलं. अध्यक्षांचं भाषण झालं, फीत कापली, लोक आत गेले. सगळ्यांच्या मागे अव्वा, आणि तिच्या मागे शिवकन्या.

अव्वा पहिल्या दोन खोल्या सावकाश चालली. काय ऐकतेय ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तिसऱ्या खोलीत पुढचे लोक एकेक करून घागर उचलत होते. एका माणसाने ती कमरेवर घेऊन पाहिली आणि बायकोकडे बघितलं. बायकोने त्याच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. मग तेही पुढे गेले.

अव्वाने आकडा दाबला. ऐकलं. यंत्र गळ्यात सोडलं. घागरीच्या काठावरून हात फिरवून आधी ती नीट भरलीय का ते पाहिलं, मग उचलली. वयाच्या मानाने सहज उचलली. पाणी आत डुचमळलं. क्षणभर धरून तिने ती परत ठेवली आणि भिंतीकडे पाहिलं, जिथे चुन्यावर खांद्याच्या उंचीला एक तेलकट डाग पडला होता. बघत राहिली.

शिवकन्येला वाटलं, आता आपण काहीतरी म्हणावं. इतकी वर्षं लोकांच्या कानात बोलून तिला आपल्या आईशी बोलायला एक वाक्य सुचेना.

"दुसरा आकडा दाबायचा न्हवं आता?" अव्वानेच विचारलं.

"हो. तुझं झालं की."

"झालं." अव्वा चौथ्या खोलीच्या दाराकडे वळली, आणि वळता वळता म्हणाली, "तू उचलून बघितली का?"

"नाही अजून."

"त्यांच्या समोर उचलायला पायजे होतीस," अव्वा म्हणाली. रागाने नव्हे. एखादी गोष्ट महाग झाली असं सांगावं तसं. आणि पुढे गेली.

खोलीत कुणी नव्हतं. शिवकन्येने यंत्र गळ्यात सोडलं, दोन्ही हात मोकळे केले आणि घागर उचलली. ती वाटली होती त्याहून जड होती. तिने ती कमरेवर घेतली, पितळेचा गारवा साडीतून आत आला, पाणी काठापर्यंत येऊन परत गेलं. धर्माबादच्या म्हातारीला अप्पा काही म्हणाले नाहीत. पोरांना चक्कर मारायला लावली. तिच्या तोंडाकडे बघून, ती घागर ठेवत असताना, तिला काय म्हणाले असते? लिहिलेल्या सगळ्या टिपणांत ते नव्हतं, आणि ते म्हणायला त्यांनी फक्त तिच्या येण्याची वाट पाहिली होती.

तिने घागर ओट्यावर ठेवली. हाताला रग लागली होती. ती भिंतीपाशी, त्या तेलकट डागाजवळ जाऊन उभी राहिली.

दारात पुढची माणसं येऊन थांबली होती, नवरा, बायको, दोन मुली, गळ्यात यंत्रं अडकवून. आत यावं की नाही या विचारात.

"झालं का म्याडम तुमचं?" त्यातल्या बाईने विचारलं.

"या ना," शिवकन्या म्हणाली आणि त्यांना जागा द्यायला भिंतीपासून लांब सरकली.